गोदामाची स्प्रिंकलर कॅल्क्युलेशन समरी सारखी परत येतेय? आधी पॅलेट बघा, मग रिमोट एरिया

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा बघितलाय की एकदा नीट लिहूनच काढतो. गोदामाच्या स्प्रिंकलर सिस्टिमची हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन समरी, म्हणजे आग लागल्यावर किती पाणी आणि किती प्रेशर लागेल याचा गोषवारा, सबमिट होते, रिव्ह्यूअर शेरा मारून परत पाठवतो, डिझायनर एखादा आकडा बदलून पुन्हा पाठवतो, परत शेरा. तीन-चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक वेळी शेरा वेगळाच वाटतो, आधी "हॅझर्ड क्लासचा आधार द्या", मग "डेन्सिटी आणि हेडचं अंतर जुळत नाही", मग "रिमोट एरिया सिद्ध करा", म्हणजे हिशोबाला धरलेला भागच सगळ्यात अवघड आहे हे दाखवा. खरं तर हे तीन वेगळे शेरे नसतातच, पहिल्या ओळीत जी चूक झाली तीच खाली घरंगळत येते, त्यामुळे खालचा आकडा कितीही दुरुस्त केला तरी समरी जुळत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे तपासायला आलेली एक केस घेतो, सगळं त्यातच कळेल. हिशोब एनएफपीए १३, म्हणजे स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक, त्याप्रमाणे आहे, मेट्रिकमध्ये.

गोदामात माल काय, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात वह्या-पुस्तकं. सिंगल आणि डबल रो रॅक, मालाची सगळ्यात वरची उंची ३.५ मीटर, वेट सिस्टिम, म्हणजे पाइपमध्ये कायम पाणी भरलेलं. समरीच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं ऑर्डिनरी हॅझर्ड ग्रुप २, डेन्सिटी ८.१ मिमी प्रति मिनिट, एरिया १३९ चौरस मीटर, हेडचं, म्हणजे छताखालच्या एकेका स्प्रिंकलरचं, अंतर ३ बाय ४ मीटर. दिसायला सगळं बरोबर. कागदाचा माल खोक्यात म्हणजे कमोडिटी क्लास ३, आणि क्लास ३ चा माल ३.७ मीटरपर्यंत रॅकमध्ये असेल तर ऑर्डिनरी ग्रुप २ चालतो, म्हणजे डिझायनरने तक्ता बरोबरच वाचला होता.

पण साइटच्या फोटोत खोकी ज्या पॅलेटवर ठेवलेली दिसत होती ती लाकडाची नव्हती, प्लास्टिकची होती. आणि इथेच सगळं फिरतं.

कमोडिटी क्लास म्हणजे नुसता खोक्यातला माल नाही, माल अधिक पॅकिंग अधिक पॅलेट असं ते एकत्र युनिट असतं, आणि क्लासचे तक्ते लाकडाची किंवा धातूची पॅलेट धरून केलेत. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईची साधी, म्हणजे आत रिइन्फोर्समेंट नसलेली पॅलेट असेल तर क्लास एका पायरीने वर सरकतो, रिइन्फोर्स्ड असेल तर दोन पायऱ्या. म्हणजे आपला क्लास ३ साध्या प्लास्टिक पॅलेटवर क्लास ४ होतो आणि रिइन्फोर्स्ड पॅलेटवर थेट खोक्यातल्या ग्रुप ए, म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता देणाऱ्या, प्लास्टिकसारखा धरावा लागतो. मुख्य अपवाद असा, पॅलेट लाकडाइतकाच धोका देते असं टेस्ट होऊन लिस्ट झालेली असेल तर क्लास वाढत नाही, पण तो कागद फाइलला जोडलेला पाहिजे, तोंडी सांगून कुणी मानणार नाही आणि मानूही नये. कारण सरळ आहे, ही पॅलेट वितळते, जळतं प्लास्टिक खाली थेंबाथेंबाने पडतं, खालच्या थरात नवीन आग लागते आणि उष्णता लाकडापेक्षा बरीच जास्त निघते.

आमच्या केसमध्ये पॅलेट साधी होती, त्यामुळे क्लास ४. आता पुन्हा त्याच तक्त्यात बघा. क्लास ४ रॅकमध्ये ३ मीटरपर्यंत असेल तर अजूनही ऑर्डिनरी ग्रुप २ च राहतो, पण ३ मीटरच्या वर ३.७ पर्यंत गेला की एक्स्ट्रा हॅझर्ड ग्रुप १. माल ३.५ मीटरवर होता. हाच माल रॅकशिवाय नुसता थप्पी मारून त्याच उंचीला ठेवला असता तर ग्रुप २ मध्येच बसला असता, कारण रॅकमध्ये मालाच्या मधून हवा खेळते आणि आग वर चढायला चिमणी मिळते. म्हणून समरीच्या पहिल्या ओळीत "गोदाम, ऑर्डिनरी हॅझर्ड" एवढंच लिहिलं की मी तिथेच थांबतो, पुढचं वाचतच नाही. माल, पॅकिंग, पॅलेट, ठेवायची पद्धत, उंची, ही पाचही उत्तरं त्या ओळीत असायला पाहिजेत, कारण बिल्डिंगला क्लास नसतो, मालाला असतो.

आता डेन्सिटी. एक्स्ट्रा हॅझर्ड ग्रुप १ म्हटलं की १२.२ मिमी प्रति मिनिट आणि २३२ चौरस मीटर. मिमी प्रति मिनिट ऐकून गोंधळ होत असेल तर तेच लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मीटर समजा, आकडा तोच राहतो. म्हणजे आग लागलेल्या भागात जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर मिनिटाला निदान १२.२ लिटर पाणी पडलंच पाहिजे, आणि तेही २३२ चौरस मीटरातली सगळी हेड एकदम उघडलीत असं धरून.

इथे लोक जी चूक करतात ती फार कॉमन आहे: सॉफ्टवेअरमध्ये ८.१ खोडून १२.२ टाकतात, १३९ खोडून २३२ टाकतात, रन करतात आणि पाठवतात. हेडचं अंतर मात्र जुनंच. ३ बाय ४ म्हणजे एका हेडखाली १२ चौरस मीटर, ऑर्डिनरी हॅझर्डमध्ये ते चालत होतं कारण तिथे मर्यादा १२.१ आहे. पण डेन्सिटी १०.२ किंवा त्याच्या वर गेली की एक्स्ट्रा हॅझर्डमध्ये एका हेडखाली जास्तीत जास्त ९.३ चौरस मीटर आणि दोन हेडमधलं अंतर जास्तीत जास्त ३.७ मीटर. म्हणजे १२ चौरस मीटरही नापास आणि ४ मीटरचं अंतरही नापास. सॉफ्टवेअर बिचारं हे सांगत नाही, त्याला फक्त पाणी आणि पाइप कळतात, तुम्ही दिलेलं अंतर नियमात बसतं का हे बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तपासलंच जात नाही. दुसरा शेरा, "डेन्सिटी आणि अंतर जुळत नाही", तो इथून येतो.

मग लेआउट बदलून ३ बाय ३ केलं, एका हेडखाली ९ चौरस मीटर. शेवटच्या हेडला लागणारं पाणी आणि प्रेशर असं:

```
q = 12.2 x 9 = 109.8 L/min
P = (q / K)^2 = (109.8 / 115)^2 = 0.91 bar
```

के-फॅक्टर, म्हणजे ठराविक प्रेशरला हेड किती पाणी सोडतं तो आकडा, ११५ घेतला. के ८० चंच हेड ठेवलं असतं तर तेवढ्याच पाण्याला १.८८ बार लागले असते, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, आणि ते सगळं ओझं पंपावर. उलट के १६० घेतला तर हिशोबाने ०.४७ बार येतो, पण हेडला किमान ०.५ बार द्यावंच लागतं, त्यामुळे तिथे ०.५ धरून पाणी ११३ लिटर होतं. समरीत कुठे शेवटच्या हेडला ०.५ च्या खालचा आकडा दिसला तर लगेच समजायचं की हा किमान प्रेशरचा नियम राहिलाय.

आता रिमोट एरिया, हा भाग सगळ्यात जास्त चुकतो म्हणून जरा सावकाश घेऊ.

आधी आकार. २३२ चौरस मीटरचा तुकडा कुठलाही मनाला येईल तसा कापायचा नाही, ब्रँच लाइनच्या, म्हणजे ज्यावर हेड बसतात त्या पाइपच्या, दिशेने तो लांबट असायला पाहिजे, किमान १.२ गुणिले एरियाचं वर्गमूळ.

```
L = 1.2 x sqrt(232) = 18.28 m
18.28 / 3 = 6.09  ->  7
232 / 9 = 25.8    ->  26
```

एका ब्रँच लाइनवर ६.०९ हेड आली, म्हणजे ७ घ्यायची, ६ नाही! अपूर्णांक कितीही छोटा असला तरी वर न्यायचा. ०.०९ बघून "सहाच झाली की" म्हणणारे खूप भेटतात आणि तेवढ्याने लाइनवरचा फ्लो निदान सातव्या भागाने कमी दिसतो. एकूण हेड २६. तीन लाइनवर सात-सात म्हणजे २१, उरलेली ५ चौथ्या लाइनवर, आणि ही पाच घेताना क्रॉस मेनच्या, म्हणजे ब्रँच लाइनना पाणी देणाऱ्या पाइपच्या, जवळची घ्यायची. सिस्टिम ड्राय, म्हणजे पाइपमध्ये एरवी पाण्याऐवजी हवा असलेली, असती तर हाच एरिया ३० टक्क्यांनी वाढवून ३०२ करावा लागला असता, डेन्सिटी मात्र तीच. तेही समरीत विसरलेलं असतं बऱ्याचदा.

एक लाइन हाताने सोडवून बघा, एकदा तरी बघाच, त्याशिवाय समरी वाचायची नजर येत नाही. काळा स्टील पाइप, शेड्यूल ४०, पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा सी १२०, टोकाला ३२ मिमी, मग ४०, मग पुढे ५० मिमी, हॅझन-विल्यम्सच्या सूत्राने, Q लिटर प्रति मिनिट आणि d पाइपचा आतला व्यास मिमीमध्ये:

```
p = 6.05e5 x Q^1.85 / (C^1.85 x d^4.87)   bar/m
```

पहिल्या हेडला ०.९१ बार आणि १०९.८ लिटर. तीन मीटर पाइपमध्ये ०.०५ बार गेले, म्हणून दुसऱ्या हेडवर ०.९६ बार, आणि तिथून ११२.६ लिटर निघतात. असंच मागे मागे येत गेलं की चौथ्या हेडवर १२०, सहाव्यावर १३२ आणि सातव्या हेडवर १.५३ बार आणि १४२ लिटर. सातही हेडची बेरीज साधारण ८६० लिटर. सगळ्यांना १०९.८ धरलं असतं तर ७६९ आली असती. हा १२ टक्क्यांचा फरक म्हणजे गळती नाही की चूक नाही, पंपाच्या बाजूच्या हेडवर प्रेशर जास्त असतं त्यामुळे ती जास्त पाणी सोडणारच. म्हणून समरीत एकूण फ्लो बरोबर २८३० लिटर लिहिलेला दिसला, म्हणजे १२.२ गुणिले २३२, तर तो हायड्रॉलिक हिशोब नाहीच, नुसता गुणाकार आहे. आमच्या केसमध्ये २६ हेडचा खरा फ्लो ३३०० च्या आसपास गेला. मी तर पहिल्या नजरेत हाच एक भागाकार करतो, समरीतला फ्लो भागिले डेन्सिटी गुणिले एरिया. साध्या ट्री सिस्टिमला, म्हणजे जिथे पाणी एकाच बाजूने येतं, १.१ ते १.२ आला तर पुढे वाचायचं, १.० आला तर परत पाठवायचं, आणि १.३ च्या वर गेला तर पाइप कुठेतरी लहान पडतायत किंवा हेड गरजेपेक्षा जास्त घेतलीत.

आता जागा. "मोस्ट रिमोट" म्हटलं की डोळ्यासमोर रायझरपासून, म्हणजे पाणी वर आणणाऱ्या उभ्या पाइपपासून, सगळ्यात लांबचा कोपरा येतो. शब्दच तसा आहे, त्यात डिझायनरचा दोष नाही. पण अर्थ आहे हायड्रॉलिकली सगळ्यात अवघड, म्हणजे जिथे पाणी पोचवायला रायझरच्या पायथ्याशी सगळ्यात जास्त प्रेशर लागतं ती जागा. ती आणि लांबचा कोपरा बहुतेक वेळा एकच निघते, पण नेहमी नाही, आणि या गोदामात नव्हती.

क्रॉस मेन १५० मिमीचा. लांबच्या टोकाच्या भागात ब्रँच लाइनवर सात हेड. रायझरच्या बाजूला मात्र लोडिंगसाठी इमारत सहा मीटर बाहेर आलेली, त्यामुळे तिथल्या लाइन लांब होऊन नऊ हेडच्या झालेल्या, पाइप तोच ५० मिमी. समरीत रिमोट एरिया अर्थातच लांबच्या टोकाला दाखवलेला.

दोन्हीची तुलना करू. लांबच्या भागाला क्रॉस मेनमध्ये ३६ मीटर जास्त अंतर आहे. १५० मिमी पाइपमध्ये ३३०० लिटरला मीटरमागे ०.००६ बार जातात, ३६ मीटरला साधारण ०.२२ बार. लोडिंगच्या भागात टोकाची सात हेड उघडली की ८६० लिटर पाणी आणखी सहा मीटर ५० मिमी पाइपमधून ओढावं लागतं, तिथे मीटरमागे ०.०९७ बार जातात, म्हणजे सहा मीटरला ०.५८ बार. छत दोन्हीकडे सारख्याच उंचीवर, त्यामुळे उंचीचं प्रेशर दोन्हीकडे तेच. म्हणजे रायझरच्या जवळचा भाग लांबच्या भागापेक्षा ०.३६ बारने जास्त अवघड निघाला! सहा मीटर बारीक पाइप छत्तीस मीटर जाड पाइपला भारी पडला, कारण सूत्रात व्यासाचा घात ४.८७ आहे, व्यास थोडा कमी झाला की नुकसान कित्येक पटीने वाढतं.

०.३६ बार वाचायला किरकोळ वाटतो. पण त्या समरीत पुरवठा आणि मागणी यांच्यातलं मार्जिनच ०.३ बार दाखवलेलं, म्हणजे कागदावर पास असलेली सिस्टिम लोडिंगच्या भागात प्रत्यक्षात नापास होती. आणि आग लागायची शक्यता तिथेच जास्त असते, फोर्कलिफ्ट, चार्जर, उघडी खोकी, सगळं तिथेच. मला ही गोष्ट खरोखर अस्वस्थ करते, कारण तिसऱ्या शेऱ्याला उत्तर म्हणून डिझायनरने फक्त लिहून पाठवलेलं, "हाच सगळ्यात लांबचा भाग आहे", सोबत हिशोब काहीच नाही.

सिद्ध करायचं कसं, तर ट्री सिस्टिममध्ये जिथे जिथे लाइनची लांबी, पाइपचा साइज, छताची उंची किंवा हेडचं अंतर बदलतं तिथे वेगळा एरिया घेऊन रन करायचा, आणि प्रत्येकाचं रायझरच्या पायथ्याचं प्रेशर शेजारी शेजारी लिहायचं. छत एक मीटर वर असेल तर ०.०९८ बार जास्त, एवढं लक्षात असलं की मेझनिनवाले भाग लगेच ओळखू येतात. ग्रिड असेल तर नजरेने ओळखणं अशक्यच, पाणी दोन्ही बाजूंनी येतं, तिथे निवडलेला एरिया एक हेड इकडे आणि एक हेड तिकडे सरकवून दोन जास्तीचे रन जोडायचे आणि दोन्हीत मागणी कमी होते हे दाखवायचं. प्रोग्रॅम स्वतः पीक शोधत असेल तर एक रन पुरतो, पण तो ऑप्शन चालू होता हे रिपोर्टमध्ये दिसलं पाहिजे.

आमच्या केसमध्ये उपाय काय झाला, तर लोडिंगच्या भागातल्या लाइनचे मेनजवळचे दोन तुकडे ६५ मिमीचे केले, नुकसान तिथे निम्म्याहून खाली आलं, आणि मग दोन्ही भाग जवळजवळ बरोबरीला आले.

होज अलाउन्सचं, म्हणजे आग विझवणाऱ्यांच्या होजसाठी धरायच्या पाण्याचं, थोडक्यात सांगतो. ऑर्डिनरीला मिनिटाला ९५० लिटर, एक्स्ट्राला १९००, आणि ते स्प्रिंकलरच्या फ्लोवर वेगळं मिळवायचं. टँकचा आकडा बघितला की लोक पॅलेटच्या प्रश्नाला का टाळतात ते कळतं. जुन्या समरीत स्प्रिंकलर साधारण १३०० अधिक होज ९५०, २२५० लिटर, ९० मिनिटं, म्हणजे दोनशे घनमीटर. नव्यात ३३०० अधिक १९००, ५२०० लिटर, १२० मिनिटं, म्हणजे सव्वासहाशे घनमीटर. टँक तिप्पट, आणि पंपही मोठा. मालकाला हा आकडा दाखवला तेव्हा ते गप्पच झाले, मग त्यांनीच विचारलं की लाकडाच्या पॅलेट आणल्या तर? आणि ते उत्तर बरोबर होतं. लाकडाच्या पॅलेटवर तोच माल क्लास ३ राहतो आणि मूळ ८.१ आणि १३९ हे आकडे जसेच्या तसे चालतात. दुसरा मार्ग होता प्लास्टिक पॅलेट ठेवून माल ३ मीटरवर थांबवायचा, क्लास ४ तिथपर्यंत ग्रुप २ मध्येच बसतो, पण मग रॅकचा वरचा लेव्हल कायमचा काढून टाकायचा, नुसती पाटी लावून भागत नाही, सीझनला माल वाढला की वर जातोच.

त्यांनी पॅलेट बदलायचं ठरवलं. नवीन समरीच्या पहिल्या ओळीत आता असं आहे: वह्या-पुस्तकं, पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट, रॅक, ३.५ मीटर, क्लास ३, ऑर्डिनरी ग्रुप २. रिमोट एरियाचे दोन रन जोडले, एक कोपऱ्याचा आणि एक लोडिंगचा, कारण क्लास बदलला तरी लांब लाइनचा प्रश्न तसाच होता आणि ६५ मिमीचे तुकडे तिथे ठेवलेच. रायझरवरच्या पाटीवरही तीच ओळ कोरून घेतली, पॅलेटच्या शब्दासकट. नियमात पाटीवर डेन्सिटी, एरिया, फ्लो, प्रेशर, होज, कमोडिटी आणि उंची मागतात, पॅलेट वेगळी लिहा असं कुणी म्हणत नाही, पण दोन वर्षांनी कुणीतरी स्वस्तात प्लास्टिकच्या पॅलेट आणेल तेव्हा स्टोअरवाल्याला ती पाटीच दिसणार आहे, ही समरी नाही.